भट्टीचं तोंड सोडताना

भट्टी लावणं हे माझ्या माहेरचं काम. लावणं म्हणजे पेटवणं नव्हे हो, बांधणं. माझी आई गुऱ्हाळाची चुलवणं बांधायची. काळी माती गाळून घ्यायची, तिच्यात भुसा आन गाढवाची लीद मळायची, विटांची गोल कड उचलायची, मागं धुराडं ठेवायचं, पुढं तोंड. बाई माणूस वाकून चुलवणात उतरलेलं बघायला लोक जमायचे. आई आतून वरडायची, "बघता काय, वीट द्या!"

आईचा एक रिवाज होता. तिचाच काय, तिच्या आईचाही. भट्टी बांधून वाळली की तोंडाला एक खापर बसवायचं आन ओल्या मातीनं लिंपून टाकायचं. मालकानं मजुरी आणून खापरापुढं ठेवायची. मग बांधणारीनं खापर काढून फोडायचं आन पहिला जाळ आपल्या हातानं घालायचा. याला म्हणायचं तोंड सोडणं. खापर आहे तोवर भट्टी बांधणारीची, फुटलं की मालकाची. मालक कितीबी माजोरी असू द्या, खापराला हात लावायचा न्हाई. मजुरी बुडवून तोंड सोडलं तर भट्टी जन्मभर धूर ओकते असा समज होता.

आमच्या वाड्यानं धम्म घेतला तेव्हा आईनं मजुरीबरोबरचा नारळ आन खण घ्यायचं सोडून दिलं. खापर मात्र ठेवलं. एक शिकलेला पोरगा तिला म्हणला, "काकू, ही बी अंधश्रद्धाच की." आई म्हणली, "व्हय बाबा. पर ती त्यांची हाय, माझी न्हाय."

असं हे शिक्षण घेऊन मी भूम तालुक्यात, ईट गावाजवळच्या एका खेड्यात नांदायला आले. गावाचं नाव नको, माणसं अजून हायेत. बहात्तरच्या दुष्काळानं ऊस वाळला, गुऱ्हाळं बंद पडली आन माझ्या कामाला कुणी विचारीना. आमी सगळ्यांनी खडी फोडली, तलावाच्या कामावर माती वाहिली, सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन दिवस काढले. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, बार्शीला तेलाच्या गिरणीत हमालीला लागले आन महिन्यातून एकदा घरी यायचे. घरात मी, माझी सासू आन कामावरच्या पैशातून घेतलेली एक वगार, म्हशीची पारडी.

सासूला मी आत्याबाई म्हणायची. जीभ कोयत्यासारखी, पण वगारीशी बोलायची तेव्हा लोण्यासारखी. स्वतःच्या ताटातली भाकर तिला घालायची. मी काही बोलले तर म्हणायची, "तुला काय कळतंय, हिच्या पोटात आपलं घर हाय." वगार मोठी झाली, गाभण राहिली, व्याली. दूध असं दाट, की बोट बुडवलं तर वर थर यायचा. आन तिथंच आमची अडचण सुरू झाली.

आमचं दूध गावात कोण घेणार? तोंडावर कुणी नको म्हणायचं न्हाई. कायद्याची भीती होती. "आमच्याकडं हाय आमचं," एवढंच. मग मी चालत ईटला एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलवाल्याकडं न्यायची. तो निम्म्या दरात घ्यायचा, वर म्हणायचा, "बाई, मागच्या दारानं येत जा. कुठलं दूध हे मी इचारत न्हाय, तू सांगू नको." उन्हाळ्यात तर वाटंतच दूध नासायचं. नासलं की तो नुसता हात हलवायचा, लांबूनच. पेंड तर रोख घ्यावी लागायची. हे असंच चाललं तर म्हैस ठेवता येणार न्हाई, हे मला दिसत होतं. आत्याबाईला बी दिसत होतं.

त्याच सुमारास भूमकडं, ईटकडं खव्याचं वारं सुटलं. ऊस न्हाई, पाणी न्हाई, जनावरांवरच लोक जगायला लागले. दूध टिकत न्हाई पण खवा टिकतो, लांबच्या बाजाराला जातो. आमच्या गावात बी खव्याची सहकारी संस्था काढायची ठरली. काढणारा गावातल्या मोठ्या घरातला धाकटा मुलगा. वकिलीचं शिकायला गेला होता, अर्ध्यात परत आला. बोलायला गोड. मुख्य प्रवर्तक का काय म्हणत त्याला. त्याच्या बापाला आमची मागची पिढी मालक म्हणायची. आमी ते सोडलं होतं, ह्या पोराला नुसतं दादा म्हणायचो.

एके दिवशी हा दादा आन त्याचा सेक्रेटरी आमच्या दारात आले. एरवी मला हाक मारायची झाली तर "ए" अशी यायची. त्या दिवशी लिंबाखाली उभं राहून म्हणला, "ताई, हायसा का घरात?"

आत्याबाई आतून हळूच म्हणली, "ताई? आज काय मागाया आला म्हणायचा हा."

मी बाज टाकली. बसले न्हाईत. पाणी आणते म्हणलं तर सेक्रेटरीला एकदम आठवलं की तो आत्ताच पिऊन आला होता.

दादा म्हणला, "संस्थेला पाच भट्ट्या पाहिजेत. तुमच्या हातची भट्टी लाकूड कमी खाती असं समदा तालुका म्हणतो."

मी म्हणले, "एका भट्टीचे साठ रुपये. विटा तुमच्या, हाताखाली दोन बाया, त्यांची मजुरी तुमच्याकडं."

"तीच तर गोष्ट हाय," म्हणला. "संस्था अजून नियोजित हाय. लोकांनी शेअरचे पैसे भरले ते जिल्हा बँकेत हायत, पर नोंदणी झाल्याशिवाय त्यातला पैसा काढता येत न्हाय. कायदाच हाय तसा. तवा तुमच्या तीनशेचे आमी तीन शेअर देतो. शंभराचा एक. शिवाय तुमच्या भट्टीवर जेवढा खवा निघंल त्याच्या किलोमागं पाच पैसे, भट्टी उभी हाय तोवर. नुसती मजुरी काय, खाल्ली की संपली. तुमी मालकीण व्हाल मालकीण!"

आत्याबाई बाहेर आली. "दादा, मालकीण झाल्यावर खायाचं काय? शेअर भाकरीसंगं लागतो का कालवणासंगं?"

सेक्रेटरी हसला. दादा बी हसला, पण डोळे हसले न्हाईत. "आजी, तुमी जुन्या काळातल्या."

"व्हय बाबा, जुन्या काळात तुझा आज्जा बी आमाला असाच वाटा द्यायचा. खळ्यावर ये म्हणायचा, वाटा देतो. खळं झाडून घ्यायचा आन मातेरं द्यायचा."

मला त्या तीनशे रुपयांची नड होतीच. पण माझ्या डोक्यात दुसरंच फिरत होतं. मी विचारलं, "दादा, मी सभासद झाले तर संस्था माझं दूध घेणार का?"

त्यानं सेक्रेटरीकडं बघितलं. मग म्हणला, "न घ्यायला काय झालं? सहकारात जात कुठली? सभासद तो सभासद."

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यावर भुललीस? भुलले न्हाई मी. हिशेब केला. तीनशे रुपये म्हणजे दोन-तीन महिन्यांची पेंड. पण दूध गावातच, पुऱ्या दरानं, रोज सकाळ-संध्याकाळ गेलं, तर म्हैस राहते. एकीची दुसरी होते. सभासदाला बँकेचं म्हशीचं कर्ज बी मिळतं, हे मी ऐकलं होतं. मजुरी पाहिजे तर दुसरीकडं बी मिळंल. दूध घालायचा हक्क दुसरीकडं कुठं मिळणार होता?

तरी मी लगेच हो म्हणले न्हाई. "इचार करून सांगते," म्हणले. दादाला ते लागलं. आमच्या वाड्यातून विचार करून सांगते असं त्यानं आधी ऐकलं नसावं.

दुसऱ्या दिवशी मी भूमला गेले. तिथं खरेदी-विक्री संघात जन्म काढलेले एक म्हातारे कारकून होते, मुसलमान. त्यांच्या घरची चूल माझ्या हातची. त्यांना मी चाचा म्हणायची. त्यांनी सगळं ऐकलं, अडकित्ता खाली ठेवला.

"बेटी, एक बात ध्यान में रख," म्हणले. ते असंच अर्धं तिकडचं अर्धं इकडचं बोलायचे. "शेअर म्हणजे आपल्याकडची शेळी न्हवं, की वर्षाला जुळी करडं देईल. शंभराचा शेअर दहा वर्षांनी बी शंभराचाच. संस्थेची इमारत व्हवो का माडी व्हवो, तुझे शंभर ते शंभर. नफा झाला तर लाभांश, त्याला बी कायद्यानं मर्यादा. नफा न्हाय तर काहीच न्हाय. आन काढून घ्यायचा म्हणलीस तर कमिटीच्या हातापाया पडावं लागतं."

"मग फायदा काय चाचा?"

"एकच. मत. सभेत त्याचं बी एक आन तुझं बी एक. तेवढं मिळत असंल तर घे. पर तो जे बोलला ते आज कोण बोललाय? संस्था अजून जन्मलीच न्हाय. न जन्मलेल्या लेकराचं वचन त्याचा बाप देतोय. उद्या लेकरू म्हणंल मला ठाऊक न्हाय." पुढं म्हणले, "नोंदणी झाली की तीन महिन्यांत पहिली सर्वसाधारण सभा घ्यावी लागती. त्या सभेत ठराव करून घे. तुझे तीन शेअर, तुझे पाच पैसे, तुझं दूध. ठराव झाला की मग ती संस्थेची जबान. आन निम्मी मजुरी तरी रोख माग."

मी उठले तेव्हा मागून म्हणले, "तुझ्या आईचं ते खापर अजून हाय का?"

"हाय की."

"मग ते ठरावापर्यंत राहू दे."

गावात येऊन मी दादाला तसंच सांगितलं. निम्मे रोख द्या म्हणले तर त्यानं हात वर केले. "बँकेतला पैसा काढता येत न्हाय म्हणलं ना ताई?" मग मी म्हणले, "मंग बायांची मजुरी तेवढी रोज रोख. माझी तुमच्याकडं राहू द्या. भट्ट्या बांधून देते. पर खापर बसवणार, आन पहिल्या सभेत ठराव झाला की तोंड सोडणार."

"खापराचं काय एवढं?" सेक्रेटरी म्हणला. तो बाहेरगावचा होता.

दादाला मात्र रिवाज ठाऊक होता. त्याच्या बापाच्या गुऱ्हाळावर माझ्या आईनंच चुलवण लावलं होतं, पुढं कळलं मला. "बरं," म्हणला. "तुमच्या मनासारखं होऊ द्या."

बांधल्या मग पाच भट्ट्या. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ओळीनं. कढई अशी बसवली की जाळ सगळ्या अंगानं सारखा फिरावा, एका बाजूनं दूध लागू नये. आतून लिंपण दोनदा दिलं, शेणीच्या मंद धगीवर आठवडाभर वाळवलं. लई चांगलं काम झालं होतं, खोटं कशाला बोलू. शेवटी पाची तोंडांना खापरं लिंपली. आत्याबाई बघायला आली होती. म्हणली, "पाच लेकरांची तोंडं बांधून ठेवल्यावाणी दिसतंय गं."

भूमच्या सहायक निबंधकाच्या ऑफिसातून नोंदणीचा कागद आला. गावात पेढे वाटले. आमच्या वाड्यात पुडा आला, तो वाड्याच्या तोंडावरच्या दगडावर ठेवून पोरगं पळालं. आन मग कळलं की सभा पुढं हाय, आन उद्घाटन आधी. जिल्ह्यातला एक बडा पुढारी येणार, त्याला तेवढाच दिवस मोकळा.

दादानं माणूस पाठवला, खापरं काढ म्हणून. मी सांगितलं, ठराव झाला की. मग वाड्यातलीच चार वडीलधारी आली. "कशाला आडवं जाती? आपल्या पोरांना उद्या तिथं काम मिळंल. पुढाऱ्यासमोर शोभा नको." बार्शीवरून नवरा आला, त्याला कुणीतरी निरोप धाडला होता. तो बिचारा म्हणला, "बघ बाई, तुझं काम हाय, तू ठरव. पर मी तर तिकडं असतो, इथं तुमी दोघीच असता." एवढंच. पण ते एवढंच लई होतं.

तरी मी खापरं काढली न्हाईत.

उद्घाटनाच्या सकाळी शेडपुढं मांडव, पताका, भोंगा. पाची भट्ट्यांची तोंडं बंद. सगळा गाव बघतोय, मी कडेला उभी, आत्याबाई माझ्यामागं. पुढारी यायचा होता. दादा माझ्याकडं आला, पांढरे कपडे घालून. मला वाटलं आता आवाज चढवणार. तर हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणला, "ताई, तुमची भीती काय ती मला कळली. सभा व्हईल तवा व्हईल. पहिली कढई तुमच्याच दुधाची चढवू. मग तर झालं?"

शेडमध्ये कुणीतरी खाकरलं. मी दादाच्या तोंडाकडं बघत राहिले. मागं बघते तर आत्याबाई तिथं न्हाईच. ती पळत सुटली होती. त्या वयात, अनवाणी, पदर सुटलेला. सकाळचं दूध ईटला न्यायला म्हणून घरात ठेवलं होतं, ती चरवी घेऊन आली. धाप लागलेली. वर फडकं बांधलेलं, स्वच्छ धुतलेलं. दादानं स्वतःच्या हातानं ती चरवी घेतली आन माझ्या पहिल्या भट्टीच्या खापरापुढं ठेवली. जिथं मजुरी ठेवायची, बरोबर तिथं. त्याला रिवाज ठाऊक होता, म्हणलं ना.

आत्याबाईनं मला कोपरानं ढोसलं. "सोड की गं. सोड. बघती काय?"

मी पाची खापरं काढली आन फोडली. पहिला जाळ घातला. पुढारी आला, हार झाले, आमचं दूध कढईत पडलं. आत्याबाई खुरपं फिरवणाऱ्या पोराला सांगत होती, "बुडाला लागू दिऊ नको बाबा, दाट हाय." ती तशी हसताना मी आधी कधी बघितली नव्हती. दात नव्हते तरी तोंडावर हात धरला न्हाई तिनं. पुढाऱ्यानं भाषणात म्हणलं, हीच खरी क्रांती. टाळ्या पडल्या. नंतर त्यानं खवा चाखला, पण तो तिसऱ्या भट्टीवरचा होता. तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं न्हाई.

दिवस मावळायला मी शेडकडं गेले, माझी पाटी-थापी राहिली होती ती आणायला. शेडच्या मागं कुत्री भांडत होती. आमच्याच गावची, ओळखीची कुत्री. उकिरड्यावर पांढरा खवा पडला होता, कढईभर, सगळाच्या सगळा. त्यांच्या नाकाला चिकटला होता. जवळच पहिल्या भट्टीची कढई पालथी पडलेली, राखेनं घासून काढलेली. एकदा न्हाई, दोनतीनदा घासलेली असावी, लोखंड उजळलं होतं. कढया धुणारी बाई तिथं होती. मला बघून म्हणली, "मला काय इचारू नको माय. सांगितलं ते केलं." मग तिलाच राहवलं न्हाई. "कुत्री बी नशीबवान म्हणायची तुमच्या दुधाची."

आत्याबाईला मी सांगितलं न्हाई. दुसऱ्या दिवशी ती सकाळी उठून चरवी घासून, फडकं बांधून संस्थेच्या डेअरीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मापाला बसलेला पोरगा म्हणला, "आजी, सभासदांचंच दूध घेतो."

"माझी सून सभासद हाय की. शेअर हायत तिचे."

"अजून नावं लागली न्हाईत. सभा व्हऊ द्या."

सभा झाली. मी गेले, मागं उभी राहिले. आमच्या वाड्यातली बाई मी एकटीच. यादी वाचली. माझं नाव सगळ्यात शेवटी आलं. नाममात्र सभासद. मला शब्द कळला न्हाई, मी विचारलं, "म्हंजे काय?" सेक्रेटरीनं समजावून सांगितलं, मला नव्हे, सभेला. नाममात्र सभासदाला शेअर न्हाई, मत न्हाई, लाभांश न्हाई.

मी म्हणले, "मला तीन शेअर देणार होता."

"उपविधी बघा बाई," सेक्रेटरी म्हणला. "संस्थेला दूध घालणाऱ्यालाच पूर्ण सभासद करता येतं. तुमी आजपत्तर दूध कुठं घातलंय?"

"घालायला गेले तर घेत न्हाईत. म्हणतात सभासदाचंच घेतो."

"बरोबर हाय. सभासदाचंच घेता येतं."

लोक हसले. वाईट हसले असं न्हाई, गमतीचं काही ऐकल्यावर हसतात तसे हसले. मी म्हणले, "उद्घाटनाला पहिली कढई माझ्या दुधाची होती. समद्यांनी बघितलं."

"त्याचं माप झालं का? पावती हाय?"

मी दादाकडं बघितलं. तो आता चेअरमन झाला होता, मधल्या खुर्चीत. म्हणले, "दादा, तुमी शब्द दिला होता. पाच पैशाचा बी दिला होता."

तो हळू आवाजात, समजावणीच्या सुरात म्हणला, "ताई, ते मी प्रवर्तक म्हणून बोललो होतो. आता मी चेअरमन हाय. चेअरमनला कमिटीला इचारावं लागतं. आन कमिटीनं तो शब्द उचलला न्हाय."

पाचजणांची कमिटी त्याच्या शेजारीच बसली होती. एकानं जांभई दिली.

मग त्यांनी माझ्या तीनशे रुपयांचं काय केलं सांगू? ते संस्थेला देणगी म्हणून धरले. ठराव झाला. चाचा म्हणले होते तसा ठरावच झाला की! एकमतानं. भट्ट्यांच्या कामी श्रमदान केल्याबद्दल माझा सत्कार, नारळ देऊन. नारळ हातात न देता टेबलाच्या कडेला ठेवला, मी उचलावा म्हणून. मी उचलला न्हाई. सगळे निघून गेले तरी तो तिथंच होता.

हे सगळं पुन्हा चाचाला सांगायला गेले तेव्हा ते एवढंच म्हणले, "खापर का काढलंस?" मी म्हणले, "सासू पळत गेली चाचा." ते सुपारी कातरत राहिले.

पुढचा उन्हाळा कडक गेला. कडब्याचा भाव चढला, हॉटेलवाल्यानं दर आणखी पाडला, कारण आता गावोगावचं दूध त्याच्याकडं येत होतं. नवऱ्याच्या गिरणीला महिनाभर टाळं लागलं. म्हैस बाजारात न्यावी लागली. आत्याबाई म्हणली, मी येत न्हाई बाजाराला. मग आली. दाव्याला धरून चालत आली सबंध वाट, म्हशीच्या कानाशी काही बोलत. बाजारात गिऱ्हाईक पुढं येईना, आमच्या गावचे दलाल लांबूनच एकमेकांना खुणावत होते. दुपारपर्यंत तहानलेली म्हैस उभी. शेवटी चेअरमनचा चुलतभाऊ आला, दात बघितले, कास दाबून बघितली. पडत्या किमतीला घेतली. आत्याबाईच्या हातातलं दावं घेताना म्हणला, "दावं राहू द्या आजी, तुमचं. मी नवं आणलंय."

दुसऱ्या दिवसापासून त्या म्हशीचं दूध डेअरीत जायला लागलं. तीच म्हैस, तीच कास, तेच दूध, माझ्याच भट्टीवर, माझ्याच हातच्या कढईच्या बैठकीवर आटायला लागलं. खवा चांगला उतरतो म्हणून चुलतभावाचं नाव झालं. कुत्र्यांना काही पडलं न्हाई मग.

पावसाळ्यात दोन भट्ट्यांना तडे गेले. चेअरमननं माणूस धाडला. तो दारात उभा राहून म्हणला, "चेअरमन म्हणले, मालकीणबाईला सांग, आपलीच संस्था हाय, जरा हात फिरवून जा."

मी म्हणले, "साठ रुपये भट्टी. आधी, रोख. माझ्या हातात."

"घरच्या कामाला कुणी मजुरी घेतं का?" हसला तो. चेअरमननंच शिकवून पाठवलं असणार, वाक्य पाठ केल्यासारखं होतं. मी गेले न्हाई. त्यांनी दुसऱ्या गावचा गवंडी आणला. त्याला रोख दिले, हे मला मुद्दाम येऊन सांगितलं. तेव्हा बँकेतून पैसे काढता येत होते.

त्यानंतर मी कित्येक भट्ट्या लावल्या, भूम, वाशी, पार कळंबच्या बाजूला. कुणी वाटा देतो, टक्का देतो, कारखान्याचा शेअर देतो म्हणलं की मी पाटी उचलून चालायला लागायची. लोक म्हणायचे बाई लई व्यवहारी हाय. त्यातल्या एका-दोघांनी पुढं खरंच लोकांना पैसे दिले, वाटा दिला, चांगले निघाले ते. असतील. माझ्या खापरापुढं पुन्हा पैशाशिवाय काही ठेवू दिलं न्हाई मी.

पण आत्याबाईचं सांगायचं राहिलं. चुलतभावाची जनावरं संध्याकाळी ओढ्यावरून आमच्या वाड्याच्या कडेनं जायची. ती म्हैस आमच्या दारापाशी आली की थांबायची. नुसती उभी राहायची, मान आत करून. गुराखी शिव्या घालायचा, काठी पाठीत बसायची, तशी हलायची. पहिले काही दिवस आत्याबाई भाकरीचा तुकडा घेऊन दारात उभी राहायची. मग गुराखी म्हणला, "म्हातारे, हात नको लावू. डेअरीचं जनावर हाय."

तेव्हापासून धूळ उठलेली दिसली की ती आतल्या अंगाला जाऊन भिंतीकडं तोंड करून बसायची. मी विचारलं, का गं आत्याबाई. म्हणली, "मी दिसले न्हाय तर ती लवकर चालती. काठी एक कमी पडती."